तीन बाय तीनचा जादूचा चौरस: जोड्या बरोबर लागल्या तरी बेरीज का चुकते?

मेघना_के
मुलगा पाचवीत आहे, शिष्यवृत्तीची तयारी चालू आहे. १ ते ९ आकडे तीन बाय तीनच्या चौकोनात असे भरायचे की आडवं उभं तिरकं कुठूनही बेरीज १५, हे सगळ्यांना माहीत असेलच. क्लासमध्ये त्यांना ट्रिक शिकवलीये, वरच्या ओळीच्या मधे १ लिहायचा मग वर-उजवीकडे सरकत जायचं, बाहेर गेलं की पलीकडून आत यायचं आणि घर अडलं की खाली उतरायचं. ते तो डोळे मिटून करतो. पण मी म्हटलं ट्रिक न वापरता कर, का ते सांगत सांगत कर, तर गाडी अडली. मधे ५ आणि समोरासमोर दहाच्या जोड्या एवढं त्याला कुठूनतरी कळलंय, त्यावरून त्याने हे केलं:

```
१  ८  ६
३  ५  ७
४  २  ९
```

आठपैकी सहा बेरजा बरोबर येतात! फक्त डावी उभी ओळ ८ आणि उजवी २२. तो म्हणाला ३ आणि ७ ची अदलाबदल करतो, केली, तर १२ आणि १८. आता दोघंही डोकं धरून बसलोय. एवढं जवळ येऊन कुठे चुकतंय?

दुसरा प्रश्न त्याच्या सराव पेपरमधला आहे, तो नंतर टाकते, आधी हे.

झटपट_पप्पू
ताई एकदम सिंपल आहे, १ कोपऱ्यात ठेवलाय म्हणून. सगळ्यात लहान आकडा नेहमी बाजूच्या मधल्या घरात टाकायचा. मधली संख्या मधे, जोड्या समोरासमोर, लहानात लहान बाजूच्या मधे, बस, कुठल्याही नऊ संख्या द्या चौरस झालाच. मी दहावीपर्यंत हेच वापरलंय

मेघना_के
पप्पू, ते ठीक आहे पण मुलगा लगेच विचारणार कोपऱ्यात का नाही, आणि "नेहमी टाकायचा" हे उत्तर त्याला चालत नाही. ट्रिकच्या जागी दुसरी ट्रिक झाली ना ही.

खडूफळा
मेघनाताई, मुलाला शाबासकी द्या आधी, कारण त्याची चूक बघण्यासारखी आहे. रिटायर झालो तरी असली चूक दिसली की हात शिवशिवतात.

त्याने काय काय मिळवलं ते बघा. ५ मधे आहे आणि समोरासमोरच्या जोड्या दहाच्या आहेत, त्यामुळे मधून जाणाऱ्या चार ओळी, म्हणजे मधली आडवी, मधली उभी आणि दोन्ही कर्ण, या आपोआप १५ होणारच. जोड्या कशाही लावा, या चार फुकटात मिळतात. राहिल्या कडेच्या चार. त्यातही वरची १५ झाली की खालची झालीच, कारण वरच्या तीन आणि खालच्या तीन घरांत मिळून तीन अख्ख्या जोड्या असतात, बेरीज ३०. तसंच डावी-उजवीचं. म्हणून तुमच्याकडे ८ आणि २२ आले, ३०. अदलाबदलीनंतर १२ आणि १८, परत ३०. म्हणजे खरी तपासणी दोनच ओळींची असते, वरची आणि डावी. सहा बरोबर आल्या म्हणजे फार जवळ आलो असं वाटतं, पण त्यातल्या चार फुकटच्या आणि एक वरच्या ओळीबरोबर आलेली.

आता त्याच्या डाव्या ओळीकडे बघा. वर १, खाली ४, तर मधे १० पाहिजे. १० आपल्याकडे नाहीच. तो ३ आणि ७ मधेच अडकला, पण तिथे काहीही ठेवलं असतं तरी जमलं नसतं.

मुळात १ ला सोबत लागते १४ ची. त्याला विचारा, दोन वेगळे आकडे, बेरीज १४, किती प्रकारे? ९ आणि ५, ८ आणि ६. संपलं. ७ आणि ७ चालत नाही. म्हणजे १ जास्तीत जास्त दोन ओळींत बसू शकतो. कोपऱ्यातलं घर तीन ओळींत असतं: आडवी, उभी, तिरकी. बाजूचं मधलं घर दोनच ओळींत. म्हणून १ ला कोपरा मिळत नाही. हे पुस्तकात वाचायची गरज नाही, बोटावर मोजून कळतं.

मेघना_के
अरे वा, हे त्याला लगेच पटेल. मग पुढे?

खडूफळा
पुढे काही उरतच नाही हो. १ वरच्या मधल्या घरात टाका, त्याच्या समोर खाली ९. १ च्या आजूबाजूला ८ आणि ६ च येणार, कारण दुसरी जोडी (५ आणि ९) उभ्या ओळीत खर्ची पडली. ८ डावीकडे ठेवा, मग त्याच्या तिरक्या समोर २, ६ च्या तिरक्या समोर ४. डावीकडे ८ आणि ४ झाले १२, मधे ३. उजवीकडे ७.

```
८  १  ६
३  ५  ७
४  ९  २
```

निवड कुठे होती बघा: १ ला चारपैकी कुठली बाजू, आणि ८ डावीकडे की उजवीकडे. चार गुणिले दोन, आठ चौरस. आणि ते आठही याच चौरसाला फिरवून किंवा आरशात बघून मिळतात.

रात्रपाळी
(टोरांटो, इथे बर्फ पडतंय आणि झोप नाही) कंटाळा आला म्हणून लॅपटॉपवर सगळ्या ३,६२,८८० मांडण्या चालवून बघितल्या. बरोबर ८ पास झाल्या. खडूफळा सरांनी जे चार ओळीत केलं ते मी मशीनकडून करून घेतलं, पण मला एक सांगा, मधे ५ च का हे तर कोणी सांगितलंच नाही, ते सगळ्यांनी धरून चाललंय. मी शाळेत असताना "सरासरी म्हणून" एवढंच ऐकलं होतं.

खडूफळा
बरोबर पकडलंत. मधल्या घरातून जाणाऱ्या चारही ओळींची बेरीज करा, १५ चोक ६०. आता या चार ओळींत कुठलं घर किती वेळा आलं ते मोजा. बाहेरची आठ घरं एकेकदा, मधलं घर चार वेळा. सगळ्या चौरसाची बेरीज ४५, म्हणजे ६० मधले ४५ गेले की उरलेले १५ हे मधल्या घराचे जादा तीन वेळचे. एका वेळचे ५.

यात १ ते ९ हेच आकडे पाहिजेत असं कुठेच वापरलं नाही. कुठलाही तीन बाय तीनचा जादूचा चौरस घ्या, मधलं घर एका ओळीच्या बेरजेचा तिसरा हिस्सा असणारच, आणि समोरासमोरच्या जोडीची बेरीज मधल्या घराच्या दुप्पट. मुलांना मी फळ्यावर मधल्या घराभोवती चार रेघा ओढायला लावायचो, मधल्या घरावर चार वेळा खडू फिरला की ते तिथे पांढरंफटक दिसायचं, वेगळं समजवावं लागायचं नाही.

भटक्या_मनोज
इंटरेस्टिंग. मी खजुराहोला पार्श्वनाथ मंदिरात दगडावर कोरलेला असा चौरस बघितलाय, कुठूनही ३४. मग तिथे मधे ३४ चा तिसरा हिस्सा ११.३३ यायला पाहिजे ना? गाईडने असलं काही सांगितलं नाही. विचारतोय कारण बायको पुढच्या महिन्यात ३४ ची होतेय, तिला ३४ बेरजेचा चौरस फ्रेम करून द्यायचाय, तीन बाय तीनचाच पाहिजे, फ्रेम घेऊन झालीये.

रात्रपाळी
तो चार बाय चारचा आहे हो, १ ते १६. त्याला मधलं घरच नाही, मधे चार घरांचा ठोकळा येतो. हा सगळा हिशोब तिथे लागू नाही.

खडूफळा
मनोजराव, तीन बाय तीनमध्ये मधलं घर बेरजेचा तिसरा हिस्सा, म्हणून पूर्ण आकडे हवे असतील तर बेरीज तीनच्या पाढ्यातलीच पाहिजे. ३४ होणार नाही, कितीही खटपट करा. अपूर्णांक चालत असतील तर होईल पण वाढदिवसाला बायकोला ३४ छेद ३ देऊ नका.

झटपट_पप्पू
दोन वर्षं थांबा, ३६ ला मधे १२ टाका, ८ ते १६ 😄

भटक्या_मनोज
दोन वर्षं थांबा हे तिला तुम्ही सांगा. फ्रेम बदलून आणतो, खजुराहोवालाच टाकतो.

वहीपूजन
नमस्कार. आमचं जळगावला किराणा दुकान आहे, आजोबांपासूनचं. गल्ल्याच्या मागच्या भिंतीवर शेंदराने काढलेलं पंधराचं यंत्र आहे, रोज उदबत्ती दाखवतो. हा धागा वाचून आज पहिल्यांदा बेरीज करून बघितली. आमच्याकडे असं आहे:

```
६  १  ८
३  ५  ७
२  ९  ४
```

वरची १५, मधली १५, खालची १५, तिरक्या १५. पण डावी उभी ११ आणि उजवी १९ येतेय. तीन-तीनदा केली. घरातल्या पूजेच्या पुस्तकात सूर्याचं यंत्र बघितलं तर तिथे मधल्या ओळीत ७ ५ ३ आहे. भिंत चार वर्षांपूर्वी रंगवली तेव्हा पेंटरने परत काढून दिलं होतं, तेव्हाच उलटं झालं असणार. चार वर्षं उलट्या यंत्राला उदबत्ती!

मेघना_के
अहो दादा, ११ आणि १९, परत ३०! सरांनी सांगितलं तेच.

खडूफळा
अगदी. जोडी उलटली तरी मधली ओळ १५ च राहते, म्हणून नुसतं आडवं वाचणाऱ्याला चूक दिसतच नाही. तुमच्या पुस्तकातला ६ १ ८, ७ ५ ३, २ ९ ४ हा वर मी लिहिलेल्या चौरसाचं आरशातलं रूप आहे. पेंटरने वरची-खालची ओळ एका रूपातली ठेवली आणि मधली दुसऱ्यातली.

त्याच पुस्तकात पुढची पानं बघा. चंद्राचं यंत्र १८ चं, मंगळाचं २१ चं, असं करत केतूचं ३९ चं. प्रत्येक ग्रहाला आधीच्या चौरसातल्या प्रत्येक घरात एकेक वाढवलाय, त्यामुळे मधे ५ चे ६, ७ होत केतूला १३, आणि बेरीज दर वेळी तीनने चढते. चौरस एकच, नऊ वेळा. आपल्याकडे याचा रीतसर अभ्यास जुना आहे, नारायण पंडिताच्या गणितकौमुदीत, १३५६ सालच्या, भद्रगणित म्हणून अख्खं प्रकरण आहे.

झटपट_पप्पू
म्हणजे माझंच बरोबर, कुठल्याही नऊ संख्यांना चालतं 😎

खडूफळा
पप्पूशेठ, तुमचं अर्धं बरोबर आहे. चौरस होत असेल तर मधली संख्या मधेच येते आणि लहानात लहान बाजूच्या मधेच येते, कबूल. पण जोड्या जुळल्या म्हणजे चौरस होतोच असं नाही. या नऊ घ्या आणि करून दाखवा:

१, २, ३, ७, १०, १३, १७, १८, १९

मधे १०, जोड्या २० च्या, सगळ्या नीट लागतात: १-१९, २-१८, ३-१७, ७-१३. बेरीज ३०.

झटपट_पप्पू
करतो थांबा

झटपट_पप्पू
अर्धा तास गेला. १ बाजूच्या मधे ठेवला, समोर १९. आता १ च्या शेजारी २९ ची जोडी पाहिजे आणि १०-१९ सोडून २९ कशातच होत नाहीये. १८ ला ११ पाहिजे, १७ ला १२ पाहिजे, १३ ला १६ पाहिजे, एकही यादीत नाही. तुम्ही मुद्दाम असले आकडे दिलेत.

खडूफळा
मुद्दामच. आणि बघा, तुम्ही १ वरून तपासलंत तसंच मेघनाताईंच्या मुलाने तपासायचं आहे, पद्धत तीच.

आता आधीच कसं ओळखायचं ते सांगतो. आकडे विसरा, मधल्यापासून किती लांब तेवढंच बघा. १ ते ९ मध्ये ५ पासूनची अंतरं ४, ३, २, १. समजा वरचा डावा कोपरा मधल्यापेक्षा ३ ने जास्त आहे आणि वरचा उजवा १ ने जास्त. मग वरच्या मधल्याला ४ ने कमी व्हावंच लागेल, नाहीतर वरची ओळ जमणार नाही. आता डावी ओळ: वर ३ ने जास्त, खाली उजव्या कोपऱ्याचा जोडीदार म्हणजे १ ने कमी, दोघांचे मिळून २ जास्त, तेव्हा मधलं २ ने कमी. वर काढलेल्या चौरसात ताडून बघा, ८, ६, १, ३. म्हणजे कोपऱ्यांनी दोन अंतरं ठरवली की बाजूंना एकीला त्यांची बेरीज आणि दुसरीला त्यांची वजाबाकी मिळते. चार अंतरांत मोठं अंतर दुसऱ्या दोघांची बेरीज आणि उरलेलं त्यांचीच वजाबाकी, असं जमलं तरच चौरस.

तुमच्या यादीत अंतरं ९, ८, ७, ३. ९ कुठल्याच दोघांची बेरीज नाही, खेळ तिथेच संपला.

आणि जमणारं उदाहरण, सगळ्या मूळ संख्या: ५, १७, २९, ४७, ५९, ७१, ८९, १०१, ११३. मधे ५९. अंतरं ५४, ४२, ३०, १२. ५४ म्हणजे ४२ अधिक १२, ३० म्हणजे ४२ वजा १२. म्हणून ४२ आणि १२ वाले कोपऱ्यात:

```
१७   ८९   ७१
११३  ५९   ५
४७   २९   १०१
```

कुठूनही १७७.

रात्रपाळी
हे मस्त आहे. याच रस्त्यावर एक जुनं दुखणं आहे, नऊही घरांत वेगवेगळ्या वर्गसंख्या असलेला तीन बाय तीनचा चौरस. नऊपैकी सात वर्ग असलेला सापडलाय. नऊही असलेला ना कोणाला मिळालाय, ना मिळू शकत नाही असं कोणी सिद्ध केलंय. अंतरांची अट एवढी सोपी दिसते आणि तरी.

झटपट_पप्पू
मी करतो थांबा (जोक आहे)

मेघना_के
आता तो दुसरा प्रश्न टाकते. बेरीज दिलेली नाही, फक्त दोन आकडे, आणि "?" च्या जागी काय विचारलंय. क्लासच्या उत्तरपत्रिकेत ११ एवढंच छापलंय, कसं ते नाही. मला तर माहिती अपुरी वाटतेय.

```
?   _    _
_   _    ७
_   १५   _
```

झटपट_पप्पू
७ आणि १५ चा मध्य ११. झालं

मेघना_के
पप्पू, उत्तर बरोबर आलं पण "मध्य काढायचा" हे कुठून आणलंत?

झटपट_पप्पू
दोनच आकडे दिलेत, त्यांचं दुसरं काय करणार

खडूफळा
हाहा. परीक्षेत चालून जाईल. पण खरंच तसं आहे, कोपरा हा त्याच्यापासून लांबच्या दोन बाजूंच्या बरोबर मधे असतो. कारण आपल्या जोड्यांतच आहे.

कोपऱ्यातून निघणारी वरची ओळ आणि डावी ओळ, दोन ओळींची बेरीज. दुसरीकडे मधली आडवी आणि मधली उभी, याही दोन ओळी, बेरीज तेवढीच. दोन्हीकडे वरचं मधलं आणि डावं मधलं घर आहे, ते दोन्हीकडून खोडा. पहिल्याकडे उरलं: आपला कोपरा दोनदा, आणि वरचा उजवा व खालचा डावा कोपरा. दुसरीकडे उरलं: मधलं घर दोनदा, ७ आणि १५. आता ते दोन कोपरे एकमेकांसमोरची जोडी आहेत, म्हणजे मधल्या घराच्या दुप्पट. तेही दोन्हीकडून खोडा. उरलं कोपरा दोनदा बरोबर ७ अधिक १५. २२ चे निम्मे ११.

मेघनाताई, माहिती अपुरी आहे हेही तुमचं खरंच आहे, पण बाकीच्या घरांपुरतं. मधे १० घातले तर एक चौरस येतो, १२ घातले तर दुसरा, कोपरा मात्र दोन्हीकडे ११ च.

```
११  ५   १४        ११  ९   १६
१३  १०  ७         १७  १२  ७
६   १५  ९         ८   १५  १३
```

रात्रपाळी
आणि १ ते ९ मध्ये कोपऱ्यात सगळे सम आकडे का येतात हेही यातूनच निघतं की! कोपऱ्याची दुप्पट म्हणजे दोन बाजूंची बेरीज, ती सम, म्हणजे त्या दोन बाजू दोन्ही सम किंवा दोन्ही विषम. चारही कोपऱ्यांतून तसं फिरलं की चारही बाजू एकसारख्या. १ बाजूला आहे म्हणजे चारही बाजू विषम, ५ मधे गेल्यावर विषम तेवढेच चार उरतात, आणि कोपऱ्यांना चार सम. हे मला कोणी शाळेत दाखवलं असतं तर...

मेघना_के
सर, एक शंका. हे सगळं शिकवावं की क्लासची सरकत जायची ट्रिकच राहू द्यावी? परीक्षेत वेळ कमी असतो आणि तो आता प्रत्येक चौरसाला "का" विचारत बसतो.

खडूफळा
माझं मत विचाराल तर ट्रिक १ ते ९ रिकामा चौरस भरायला आहे, आणि तसा प्रश्न कोणी विचारत नाही, घरं अर्धी भरलेलीच देतात. तिथे मधलं घर आणि जोड्याच कामाला येतात.

झटपट_पप्पू
असहमत. आधी ट्रिकने हात बसू दे, "का" नंतर. मला "का" आज पस्तिसाव्या वर्षी कळलं, काही बिघडलं नाही

वहीपूजन
मधे बोलतो, माफ करा. यंत्र पुसून सुधारावं का? आई म्हणते चार वर्षं धंदा बरा चाललाय, हात लावू नको. भाऊ म्हणतो चुकीचं ते चुकीचं.

भटक्या_मनोज
आईंचं ऐका

मेघना_के
दादा, तुमची पोस्ट मुलाला दाखवली नव्हती. फक्त सांगितलं की एका काकांच्या भिंतीवरच्या चौरसात जोड्या सगळ्या समोरासमोर बरोबर आहेत, एकच जोडी उलटी पडलीये, डावी ओळ १५ ऐवजी ११ येते, तर कुठली? तो थोडा वेळ बोटं मोडत बसला आणि म्हणाला चार कमी पडतात म्हणजे ७ च्या जागी ३ बसलाय, कारण ज्या जोडीत चारचा फरक आहे ती तीच, १ आणि ९ उलटले असते तर आठचा घोळ झाला असता. मग विचारतो, काकांनी भिंतीवर खडूने बाण काढून दिला तर पुसायला लागणार नाही ना?

वहीपूजन
बाण आईलाही चालेल म्हणाली. संध्याकाळी दुकान वाढवल्यावर काढतो.